पंपाचा स्विच पुन्हा ‘ऑफलाइन’: सिग्नल कमी आहे की चॅनेलवर गर्दी?

विहिरीवरच्या पंपाचा स्विच, फाटकावरचा कॅमेरा, पडवीतला दिवा. वायफायवर चालणाऱ्या या वस्तू आता कोकणातल्या बऱ्याच घरांत आहेत आणि तक्रारही सगळीकडे एकच आहे. ॲप उघडलं की ‘ऑफलाइन’ दिसतं. राउटर बंद करून चालू केला की तासभर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. शेवटी माणूस कंटाळतो आणि बॅटरी घेऊन विहिरीवर जाऊन हातानंच बटण दाबतो.

इंटरनेट व्यवस्थित चालू असताना उपकरण असं गळत असेल, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक तर राउटरचा सिग्नल तिथपर्यंत धड पोहोचत नाही, किंवा पोहोचतो पण त्या चॅनेलवर इतकी गर्दी असते की त्याला बोलायलाच मिळत नाही. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात, औषधं मात्र वेगळी आहेत. सिग्नल कमी असताना चॅनेल बदलून फार काही हाती लागत नाही. आणि गर्दी असताना बाजारातून रेंज एक्स्टेंडर आणून लावला तर गर्दीत आणखी एकाची भर पडते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजमाप करायचं. त्यासाठी फोन आणि अर्धा तास पुरतो.

मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. फोन आणि टीव्ही दोन्ही वापरतात, पण स्मार्ट प्लग, दिवे, पंपाचे स्विच आणि स्वस्तातले कॅमेरे बहुतेक फक्त २.४ वर चालतात. त्यांचा अँटेना म्हणजे सर्किटच्या पट्टीवर छापलेली तांब्याची नागमोडी रेघ, नखाएवढी. त्यामुळे ‘माझ्या फोनला तर इथे फुल रेंज आहे’ हा पुरावा होत नाही. फोन कदाचित दुसऱ्याच पट्टीवर असेल, आणि त्याचा अँटेना त्या बिचाऱ्या स्विचपेक्षा कितीतरी चांगला असतो. शिवाय संवाद दोन्ही बाजूंनी लागतो. राउटरचा आवाज स्विचला ऐकू आला तरी स्विचचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोहोचेलच असं नाही.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा ऋण असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. राउटरशेजारी उणे ३० ते ४० दिसेल. उणे ६५ पर्यंत सगळं निवांत चालतं. उणे ७० ला दिवा-स्विच चालतात, पण कॅमेरा अडखळायला लागतो. उणे ७५ च्या पुढे उपकरण अधूनमधून गळतं आणि उणे ८० च्या पलीकडे ते चाललं तर नशीब. ही मोजपट्टी सरळ नाही, हे लक्षात ठेवा. आकडा ३ नं घसरला की शक्ती निम्मी होते आणि १० नं घसरला की दहावा हिस्सा उरतो. म्हणून उणे ६८ आणि उणे ७८ यांत दिसायला थोडका फरक असला, तरी प्रत्यक्षात एक चालतं आणि दुसरं रडतं.

अँड्रॉइड फोनवर वायफाय स्कॅन करणारं ॲप घ्या. `WiFiAnalyzer` नावाचं फुकट ॲप या कामाला पुरतं. लोकेशन चालू ठेवा, नाहीतर यादी रिकामी दिसते. अँड्रॉइड ९ पासून अशा ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा शोध घेता येतो, म्हणून एका जागी उभं राहून दोन-तीन मिनिटं आकडा स्थिर होऊ द्या. चालता चालता बघितलेला आकडा मागच्या जागेचा असतो. यादीत आपल्या वायफायच्या नावापुढे २.४ ची ओळ आहे याची खात्री करा. फोन उपकरणाला अगदी चिकटवून धरा आणि त्या आकड्यातून पाच ते दहा वजा करून उपकरणाचा आकडा तेवढा वाईट असेल असं धरून चाला. काही उपकरणांच्या ॲपमध्येच ‘डिव्हाइस नेटवर्क’ किंवा ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ असा पर्याय असतो. तो सापडला तर उत्तम, कारण तो आकडा खुद्द उपकरणानं मोजलेला असतो.

लॅपटॉप असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका. आजूबाजूचं प्रत्येक नेटवर्क, त्याचं चॅनेल आणि सिग्नलची टक्केवारी दिसेल.

```
netsh wlan show networks mode=bssid
```

आता आपल्याकडच्या घरांबद्दल. वायफायला भिंतीची जाडी आणि तिच्यातलं पाणी, दोन्ही नडतात. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत शहरातल्या विटांच्या आतल्या भिंतीपेक्षा जाड असते. चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी पितो. ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा बराच जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात ठणठणीत चाललेला कॅमेरा जुलैत रुसतो तो यामुळे. ‘पाऊस पडला की वायफाय जातं’ असं आपण म्हणतो, पण हवेत पडणाऱ्या सरींचा २.४ गिगाहर्ट्झवर घराच्या अंतरात जवळपास काहीच परिणाम होत नाही. सिग्नल अडतो तो भिजलेल्या भिंतीत, ओल्या कौलांत, आणि विहीर आगरात असेल तर केळी-पोफळींच्या निथळत्या पानांत. म्हणून उन्हाळ्यात मोजताना पावसाळ्यासाठी आठ-दहाची पुंजी बाजूला ठेवायची. मे महिन्यात उणे ६५ मिळाले तर ती जागा भरवशाची. उणे ७२ मिळाले तर आत्ता चालतंय म्हणून खूश होऊ नका.

पत्रा, लोखंडी कपाट, स्लॅबमधली सळ्यांची जाळी आणि भरलेली पाण्याची टाकी हे आणखी मोठे अडथळे. भिंत सिग्नल खाते, पण पत्रा तो परतवूनच लावतो.

ही झाली कमी सिग्नलची बाजू. गर्दीची गोष्ट वेगळी आहे.

२.४ च्या पट्टीत आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेल्स आहेत, पण ती एकमेकांना खेटून बसलेली आहेत. दोन शेजारी चॅनेल्समध्ये ५ मेगाहर्ट्झचंच अंतर असतं आणि राउटरला लागते किमान २० मेगाहर्ट्झची जागा. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स व्यवहारात तीनच मिळतात: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बाकीचे थांबतात, ऐकतात आणि जागा मोकळी झाली की बोलतात. दोन घरं चॅनेल ६ वर असतील तर ती निदान एकमेकांना ऐकून पाळी पाळतात. पण शेजाऱ्याच्या ६ मधून सुटायला कुणी ४ वर गेला, तर दोघांनाही एकमेकांचं बोलणं कळत नाही, फक्त गोंगाट ऐकू येतो. ‘मधलं रिकामं चॅनेल’ ही सगळ्यात फसवी निवड आहे.

मग उपकरण गळतं ते नेमकं कसं? राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो. या हाकेची पोच कुणी देत नाही. त्यामुळे गोंगाटात ती हरवली तर राउटर ती पुन्हा देत नाही. पाठोपाठ बऱ्याच हाका ऐकू आल्या नाहीत की उपकरणाला वाटतं राउटर गेला, आणि ते संबंध तोडून नव्याने शोधाशोध करतं. फोन हे इतक्या चपळाईनं करतो की आपल्याला कळतही नाही. स्वस्त चिपचा स्विच मात्र कधी कधी दहा-दहा मिनिटं अडकून बसतो.

गर्दी सतत नसते, आणि हीच तिची खूण आहे. एरवी वाडीत चार राउटर असतील. गणपतीत चाकरमानी आले की घराघरांत फोन वाढतात आणि ज्याच्या-त्याच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू होतो. प्रत्येक हॉटस्पॉट म्हणजे आणखी एक छोटा राउटर, तोही बऱ्याचदा याच पट्टीवर. नाताळात आणि मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या होमस्टेंमध्ये हेच होतं.

या दोन दुखण्यांचा एक धागा सहसा लक्षात येत नाही. दूरच्या, कमी सिग्नलच्या उपकरणाशी राउटर मुद्दाम हळू बोलतो. माहितीचं दीड हजार बाइटचं एक पाकीट ५४ एमबीपीएसनं पाठवायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. तेच १ एमबीपीएसनं पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. म्हणजे फाटकावरचा एक रडका कॅमेरा घरातल्या इतर उपकरणांसाठीही गर्दी तयार करतो. म्हणून दोन्ही दुखणी असतील तर आधी कमी सिग्नलचं बघावं.

कुठलं दुखणं आहे हे ठरवायला उपकरणाला दोन वेळा पिंग करायचं, म्हणजे त्याला छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघायचं. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे त्याचा पत्ता मिळतो. समजा तो `192.168.1.24` आहे. पहाटे साडेपाचला एकदा आणि रात्री आठला एकदा ही कमांड चालवा:

```
ping -n 200 192.168.1.24
```

लॅपटॉप शक्यतो केबलनं राउटरला जोडा, नाहीतर लॅपटॉपच्या वायफायचा दोष उपकरणाच्या माथी बसेल. शेवटी `Lost` पुढे किती टक्के आले ते आणि `Average` वेळ लिहून ठेवा. पहाटे आणि रात्री दोन्ही वेळा पाकिटं हरवत असतील तर सिग्नल कमी आहे. पहाटे सगळं स्वच्छ असेल आणि रात्री वेळ शे-दोनशेवरून आठशे-नऊशे मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल, पाकिटं हरवत असतील, तर गर्दी आहे. विजेची बचत करणारी काही उपकरणं एरवीही शंभर-दोनशे मिलिसेकंद घेतात, म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका. त्याच उपकरणाची पहाट आणि रात्र ताडून बघा.

आता एक नमुना घर घेऊ. गुहागरच्या बाजूची एक वाडी, जांभ्याचं घर, कौलारू छप्पर, शेजारी होमस्टे. राउटर ओटीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, कारण फायबरची वायर तिथून आत आली आणि बसवणाऱ्यानं तिथेच टांगला. फाटकावर कॅमेरा आणि मागे परसात पस्तीस मीटरवर विहीर, तिथे पंपाचा स्विच. दोन्ही गळतात.

कॅमेऱ्यापाशी फोनवर उणे ६२ मिळतात. पहाटे पिंगमध्ये २०० पैकी एकही पाकीट हरवत नाही, रात्री आठला बारा टक्के हरवतात. ही गर्दीच. राउटरपाशी उभं राहून रात्री आठला स्कॅन केलं तर आपला राउटर चॅनेल ४ वर, तोही ४० मेगाहर्ट्झ रुंद. चॅनेल १ वर होमस्टेचे दोन राउटर, उणे ५८ आणि उणे ७१. चॅनेल ६ वर एक, उणे ६६. चॅनेल ११ वर दोन, पण लांबचे, उणे ८१ आणि उणे ८५. किती नावं दिसतात ते मोजण्यापेक्षा त्या चॅनेलवरचा सगळ्यात जोरदार शेजारी कोण ते बघायचं. उणे ८५ च्या पलीकडचे धरूच नका. या हिशेबानं ११ हे आपलं चॅनेल.

राउटरच्या मागच्या पट्टीवर छापलेला पत्ता, बहुधा `192.168.1.1`, ब्राउझरमध्ये उघडा. वायरलेसच्या २.४ च्या पानावर `Channel` चं `Auto` काढून `11` करा आणि `Channel Width` `20MHz` करा. दुसरा बदल पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण ४० मेगाहर्ट्झ रुंद राउटर अर्धी पट्टी एकटाच अडवतो आणि बदल्यात स्विच-दिव्यांना काहीच मिळत नाही. `Auto` वर ठेवू नका. बरेच राउटर फक्त चालू होताना चॅनेल निवडतात. पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, म्हणजे चार वेळा नवी निवड, आणि ती त्या क्षणाची. त्यातून राउटर १२ किंवा १३ वर गेला तर आणखी एक घोळ होतो. काही उपकरणांचं सॉफ्टवेअर १ ते ११ एवढीच चॅनेल्स बघणारं असतं. त्यांच्या दृष्टीनं राउटर जगातून नाहीसाच होतो.

याच बैठकीत ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन टीव्ही आणि फोन तिकडे न्या. रात्री आठची निम्मी गर्दी शेजाऱ्यांची नसते, आपल्याच टीव्हीवर चाललेल्या मालिकेची असते. २.४ चं जुनं नाव आणि पासवर्ड तसाच ठेवा, म्हणजे एकेक उपकरण नव्यानं जोडत बसावं लागत नाही. पान कंपनीनं कुलूपबंद केलं असेल तर ग्राहक सेवेला नेमकं सांगा: ‘२.४ चं चॅनेल ११ आणि रुंदी २० करून द्या.’ नुसतं ‘नेट चालत नाही’ सांगितलं तर ते राउटर रीस्टार्ट करायला सांगतील.

कॅमेरा मार्गी लागला. पंपाचा स्विच मात्र पहाटेही वीस टक्के पाकिटं गमावतो, म्हणजे तिथलं दुखणं सिग्नलचं आहे. ॲपमध्ये स्विचचा स्वतःचा आकडा उणे ८४ दिसतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीचं झाकण उघडलं की तोच आकडा उणे ७१ होतो. नुसत्या झाकणानं तेरा गेले. स्विच लोखंडी पेटीत ठेवणं म्हणजे त्याला डब्यात बंद करून हाक मारणं, आणि आपल्याकडे ही चूक सर्रास होते, कारण पेटीत जागा असते आणि पावसापासून आडोसा मिळतो.

उपाय असा की स्टार्टर आणि कॉन्टॅक्टर लोखंडी पेटीतच राहू द्यायचे आणि फक्त वायफायचा स्विच शेजारी प्लॅस्टिकच्या आयपी६५ पेटीत न्यायचा. वायरी खालून ग्लँडमधून घ्यायच्या, म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही. स्विचनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची. मोटरचा सगळा करंट त्यातून नेला तर सुरू होतानाच्या झटक्यानं रिले चिकटतो आणि पंप बंदच होत नाही. हे काम वायरमनकडून, मेन स्विच खाली पाडूनच करून घ्या. विहिरीच्या ओल्या काठावर धाडस नको.

एवढ्यानं उणे ७१ मिळाले. पावसाळ्याची पुंजी धरली तर हे अपुरं आहे. आता राउटरची जागा. टीव्हीमागून काढून माजघरात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवला तर विहिरीच्या वाटेतली एक भिंत कमी होते. फायबरची वायर वाढवून मिळते, फक्त ती तांब्याच्या वायरीसारखी कोपऱ्यात दुमडू नका. आतली काच मोडते. राउटरला दांड्या असतील तर त्या उभ्या ठेवा, कारण सिग्नल दांडीच्या बाजूंनी पसरतो, टोकातून नाही.

तरीही उणे ६५ गाठले नाहीत, तर मागच्या पडवीत दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा आणि तो कॅट६ केबलनं राउटरला जोडावा. शंभर मीटरपर्यंत केबल चालते, इथे वीस मीटर पुरते. नाव आणि पासवर्ड तोच ठेवायचा, चॅनेल मात्र वेगळं. परसाच्या बाजूला पुन्हा स्कॅन करा. नमुना घरात होमस्टेचे राउटर मागे उणे ८० वर येतात, म्हणून पुढे नको असलेलं चॅनेल १ मागे बिनधास्त वापरता येतं.

रेंज एक्स्टेंडर स्वस्त पडतो, पण तो राउटरकडून ऐकलेलं प्रत्येक पाकीट त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट. केबल नेणं अशक्यच असेल तर तो लावा, पण जिथे सिग्नल संपतो तिथे नको. जिथे अजून उणे ६५ च्या आसपास आहेत तिथे, वाटेत मध्यावर. सिग्नल नसलेल्या जागी लावलेला एक्स्टेंडर कमकुवत सिग्नलच पुढे ढकलतो.

केबल घराबाहेरून दुसऱ्या इमारतीत, गोठ्यात किंवा होमस्टेच्या खोल्यांत न्यायची असेल तर तांब्याची नेऊ नका. मृगाआधीच्या आणि ऑक्टोबरातल्या विजांमध्ये अशी वायर दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते. फायबर आणि दोन टोकांना प्रकाशाचा सिग्नल पुन्हा तांब्याच्या वायरीवर आणणारे मीडिया कन्व्हर्टर लावले तर विजेचा झटका त्या वाटेनं येत नाही. समुद्राजवळ उघड्यावरचे प्लग वर्षा-दोन वर्षांत हिरवे पडतात. सिग्नल अचानक खराब झाला, भिंती-चॅनेल तेच आहेत, तर आधी जॅक काढून त्याचे धातूचे दात बघा.

गळण्याची वेळ घड्याळाशी जुळते का तेही एकदा पाहा. उपकरण बरोबर दर तासाला जात असेल तर तो गर्दीचा किंवा भिंतीचा दोष नाही. राउटर ठराविक वेळानं सुरक्षेची किल्ली बदलतो आणि काही जुन्या उपकरणांना ती बदलताना गोंधळ होतो. `Group Key Update` किंवा तशा नावाच्या जागी `3600` असेल तर ते वाढवून बघा, आणि २.४ ची सुरक्षा `WPA2` ठेवा, `WPA3` नको.

बदल एका वेळी एकच करा आणि तीन रात्री जाऊ द्या. जागा, तारीख, पहाटेचा आकडा, रात्रीचा आकडा एवढं वहीत लिहून ठेवा. हीच मोजणी भिंती पुरत्या भिजल्यावर, ऑगस्टात एकदा करा, आणि दुसऱ्यांदा गणपतीत, घर भरलेलं असताना रात्री आरती झाल्यावर.